सतरा झोळ्या

फोनमध्ये रोसेंदोकाकांचे एकतीस व्हिडिओ होते. त्यातले बारा दुकानाच्या अकाउंटवर लावून झाले होते. उरलेल्या एकोणिसांपैकी एकात नाफेरचं बोट कॅमेऱ्यावर आलं होतं आणि एकात काका खरोखरच झोपले होते. चार मिनिटं नुसता कुत्र्याचा आवाज. ते दोन वगळून सतरा. मी तक्त्याच्या वर लिहिलं: शिल्लक सतरा.

जूनचा पहिला सोमवार होता. पोस्टींचा आढावा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीच असतो, कॉफी झाल्यावर, मागच्या ओसरीवर. काका जाऊन महिना व्हायचा होता, तरी मावशी म्हणाली, "सोमवार आहे ना? मग बसा."

आम्ही सान हासिंतो गावात राहतो. इथे घराघरात माग आहेत आणि त्यांवर सुती झोळ्या विणतात. दोन खांबांना बांधायची आणि आत माणसाने झोपायचं. एलोदियामावशीचे, म्हणजे रोसेंदोकाकांच्या बायकोचे, दोन माग. एकावर ती, दुसऱ्यावर शेजारची देनिस. पार्सलं बांधायची आणि मोटरसायकलवरून बस थांब्यावर पोचवायची, हे मावशीच्या मुलाचं, नाफेरचं काम. मी बारांकियाहून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन परतले ती नोकरी मिळेपर्यंत म्हणून, आणि दुकानाचं अकाउंट माझ्याकडे आलं. तेव्हा त्यावर रोज सकाळी गुलाबाचं चित्र आणि 'शुभ प्रभात, देव भलं करो' असं येत असे. नाफेर लावायचा. पहिल्या आढाव्यात सगळ्यात आधी तेच बंद पडलं.

"माझे गुलाब मारलेस तू," नाफेर अजूनही म्हणतो.

"तुझ्या गुलाबांवर तीन महिन्यांत एकाही माणसाने किंमत विचारली नाही."

"किंमत सोड. मावशा-काकवांचे आशीर्वाद किती आले, ते मोज ना!"

आशीर्वाद मी मोजत नाही, आवडल्याच्या खुणाही नाही. पोस्ट हजार जणांपर्यंत पोचली तर त्यातल्या किती जणांनी 'ही कितीला?' असा निरोप पाठवला, हे मोजते. पोस्टी प्रकारांत वाटलेल्या आहेत: मागावरचं विणकाम, सूत रंगवणं, झोळ्यांचे नुसते फोटो, आणि काका. आठवड्याला चार, महिन्याला सोळा. प्रत्येक पोस्टीचा आकडा ती लावल्यानंतर बरोबर सात दिवसांनी घ्यायचा, म्हणजे जुनी-नवी एकाच वयाची होते. सात दिवस न भरलेली पुढच्या तक्त्यात. प्रकाराची सरासरी काढायची नाही, मध्यक, म्हणजे आकडे ओळीने लावून मधोमध येणारा, काढायचा, कारण एखादीच पोस्ट उधळली तर सरासरी तिच्यामागे धावते. लागोपाठ दोन महिने तळाला असलेला प्रकार थांबवायचा. लागोपाठ दोन महिने सगळ्यात वर असलेला दुप्पट करायचा. मधले चालू ठेवायचे. सोळा हा आकडा वाढत नाही, म्हणून दुप्पट होणाऱ्याला जागा थांबलेल्याची मिळते. आणि एका महिन्यात अशी एकच अदलाबदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

काकांचा प्रकार मी ठरवून काढलेला नव्हता. झोळी मागावरून उतरली की काका तिच्यात झोपून बघत. गेली तीस वर्षं त्यांनी झोपून पाहिल्याशिवाय एकही झोळी घराबाहेर गेली नव्हती. नव्वद किलोंचा माणूस. आडवे, तिरके व्हायचे, एक पाय खाली सोडायचे, एक झोका घ्यायचे आणि काहीतरी एक वाक्य बोलायचे. "ही सासूला देऊ नका, परत जाणार नाही." "ही नवऱ्याला नको, बायकोला द्या, दिवसभर उभी तीच असते." मार्चमध्ये मी तेच चित्रित करायला लागले आणि अकाउंटवर लिहिलं: रोसेंदो झोपल्याशिवाय आमची झोळी निघत नाही.

मेच्या पहिल्या सोमवारी आम्ही पुढच्या चार आठवड्यांच्या सोळा पोस्टी नेहमीसारख्या वेळा देऊन ठेवून दिल्या. पुढच्या आठवड्यात गुरुवारी काका दुपारी अंगणात पाणी मारताना बसले ते उठले नाहीत. शुक्रवारी पुरलं. त्यांची स्वतःची झोळी नाफेरने खांबावरून सोडून गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. नऊ रात्रींच्या प्रार्थना सुरू झाल्या, अंगणात भाड्याच्या खुर्च्या आल्या, बायका कॉफी गाळत राहिल्या. फोन कुणाच्या लक्षात नव्हता.

शनिवारी सकाळी आठला पोस्ट आपोआप लागली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची झोळी, आत डोळे मिटलेले काका. "यात झोपलेला माणूस उठत नाही. हाक मारून बघा." मग कॅमेऱ्यामागून मावशीचा आवाज, "रोसेंदो! अरे रोसेंदो!" काका डोळे उघडत नाहीत. मिशी तेवढी हलते.

गावातल्या कुणी बघितलं असेल तर कुणी बोललं नाही. बोगोता, मेदेयिन, काली अशा दूरच्या शहरांतल्या लोकांना काही माहीत नव्हतं. ते हसत होते. 'आजोबांना नमस्कार सांगा.' 'आम्हाला पण अशीच झोळी हवी, आतल्या नवऱ्यासकट पाठवा.' तिसऱ्या रात्री प्रार्थना संपल्यावर मावशीने माझ्याकडून फोन मागून घेतला. मला वाटलं काढून टाक म्हणेल. ती प्रार्थनेसाठी मांडलेल्या वेदीसमोर काकांच्या फोटोपाशी बसली आणि एकेक वाचून दाखवायला लागली.

"पास्तोची एक बाई आहे. नमस्कार म्हणते तुला. मी सांगते म्हटलं."

खरंच तिने प्रत्येकाला उत्तर लिहिलं होतं: 'सांगते.'

त्यानंतर काका गेल्याची बातमी अकाउंटवर कधी लिहायची हा विषय निघाला नाही. रोज थोडा उशीर होत गेला.

तर जूनचा सोमवार. मी तक्ता वाचून दाखवला. हजारामागे किंमत विचारणारे: काका नऊ पूर्णांक दोन. विणकाम चार पूर्णांक एक. रंगकाम तीन पूर्णांक आठ. फोटो अडीच. एप्रिलमध्येही क्रम हाच होता.

"म्हणजे फोटो थांबले," नाफेर म्हणाला, "आणि पप्पा दुप्पट."

 देनिस दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती आढाव्याला बसत नाही, पण त्या सोमवारी मागावरून उठून आली होती. तिचे दोन मुलगे शाळेत आहेत, आणि महिन्याला ऑर्डरी अकरा असल्या तर तिचा माग चालतो, सहा असल्या तर मावशीचा एकटीचा पुरतो. हे सगळ्यांना माहीत होतं.

"नियम तुझाच ना, शास्त्रीणबाई?" नाफेर मला म्हणाला. "माझ्या गुलाबांच्या वेळेला अगदी कडक होता."

"नियम जिवंत प्रकारांसाठी केला होता," मी म्हटलं, आणि शब्द चुकला हे लगेच कळलं.

मावशीने कॉफीचा पेला उलटा ठेवला. "दुप्पट केला तर किती पुरेल?"

"महिन्याला आठ. दोन महिने, आणि वर एक."

"चालू ठेवला तर?"

"महिन्याला चार. चार महिने, वर एक."

"आणि संपले की तेच परत लावले तर?"

"एप्रिलमध्ये एक परत लावून बघितला होता. निम्म्यालाही पोचला नाही."

मावशी हिशोब करत होती, पण ऑर्डरींचा नव्हे. चार महिने की दोन महिने. ते तिच्या चेहऱ्यावर इतकं उघड दिसत होतं, की नाफेरने मान फिरवली.

"आई, ते लोक त्यांनाच विचारतात ग," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यांनी तीस वर्षं कमावलंय. ते आत्ता आपल्याला मिळतंय, तर ते काय वाईट?"

"एलोदिया," देनिस दारातून म्हणाली, "माझ्याकडे बघून ठरवू नकोस हं. मी इडलिंबाची जेली विकेन."

"तू जेली केलीस तर लोकांचे दात पडतील," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दुप्पट कर. आठवड्यातून दोनदा दिसेल तरी."

मी जूनच्या पोस्टी लावल्या. फोटो थांबले. काका आठ.

आकडे उतरले, जसे दुप्पट केल्यावर थोडे उतरतातच: नऊ पूर्णांक दोनवरून सहा पूर्णांक आठ. तरी तेच सगळ्यात वर, आणि पोस्टी दुप्पट असल्यामुळे विचारणारे मिळून वाढलेच. ऑर्डरी एकोणीस. देनिसने आपल्या भावजयीला बोलावलं, तिसरा माग कोठीतून काढून उभा केला, त्याच्या खांबांना वाळवी लागली होती ती नाफेरने डिझेल लावून मारली. घरात दिवसभर धागा ठोकल्याचा आवाज असायचा. मावशी काळ्या कपड्यांत मागासमोर उभी राहायची आणि मंगळवारी व शनिवारी सकाळी आठला हात थांबवायची. मी फोन तिच्यासमोर धरायचे. ती एकदाच बघायची. दुसऱ्यांदा लावू द्यायची नाही.

"एकदाच बघितलं की उरतो," ती म्हणाली होती.

झोळ्यांत झोपून बघायचं काम मात्र कुणी करत नव्हतं. एकोणीस झोळ्या मागावरून उतरल्या त्या सरळ पुड्यात गेल्या. नाफेर म्हणाला, विणलंय तर देनिसनेच, तुटणार थोडीच आहे. तुटली एकही नाही.

जूनच्या शेवटी तुंहा शहरातल्या एका बाईचा निरोप आला. नाव ग्रासिएला. लिहिणं लांबलचक होतं. तिचे वडील अंथरुणाला होते, पाठीला जखमा होत होत्या, झोळीत बरं वाटेल असं कुणी सांगितलं होतं. तिने दोन झोळ्यांचे पैसे आधीच भरले होते. 'एकच विनंती. ते गृहस्थ वडिलांचे रोजचे झाले आहेत, मी त्यांना तुमचे सगळे व्हिडिओ दाखवते. पाठवण्याआधी दोन्हींत त्यांना झोपवा, आणि वडिलांचं नाव घेऊन एक वाक्य बोलायला सांगा. त्यांचं नाव एलियेसेर.'

मी तो निरोप आधी नाफेरला दाखवला.

"जुन्यातला एखादा पाठव," तो म्हणाला. "नाव नसेल त्यात, सांगू विसरले म्हणून."

"आणि झोळी? त्यात झोपले म्हणून लिहायचं?"

"अकाउंटवर तेच लिहिलंय की. तूच लिहिलंयस." त्याने पार्सलाची दोरी दाताने तोडली. "हे बघ यादिरा, मला मजा वाटते असं समजू नकोस. मी पहाटे उठून त्यांची मोटरसायकल सुरू करतो, ती त्यांच्या लाथेनेच सुरू व्हायची, माझ्याने तीन-तीनदा होत नाही. पण ते बोलले तर माग चालतात. तर बोलू देत."

मावशी मागे उभी होती. तिने हात पुढे केला, मी फोन दिला. तिने तो निरोप सावकाश वाचला, ओठ हलवत, जसे ती सगळे वाचते.

"एलियेसेर," ती म्हणाली.

ती आत गेली नाही, वेदीपाशी गेली नाही. तिथेच बाकावर बसली आणि एका बोटाने लिहायला लागली. पुष्कळ वेळ लागला. नंतर तिने मला दाखवलं, पाठवून झाल्यावर. 'बाई, माझा नवरा मेमध्ये वारला. तुम्ही बघता ते सगळं त्याच्या आधीचं आहे. तुमची झोळी कुणी झोपून बघितलेली नाही. पैसे परत हवे असतील तर सांगा. तुमच्या वडिलांना मी नमस्कार सांगते, माझा.'

ग्रासिएलाबाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पैसे नकोत. वडिलांना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. खाली एक ओळ होती: 'पण मग आता झोपून कोण बघतं?'

जुलैच्या आढाव्याला मावशी आधीच येऊन बसली होती. मी तक्ता वाचला. नियमाप्रमाणे काका अजून सगळ्यात वर होते, आणखी दुप्पट करायला जागा नव्हती, म्हणजे आठच्या आठ ठेवायचे. शिल्लक नऊ.

"थांबव," मावशी म्हणाली.

"मावशी, थांबवायचं ते तळाचं असतं. हे सगळ्यात वरचं आहे."

"मग तसंच लिही. वरचं थांबवलं."

"आई!" नाफेर उभा राहिला. "देनिसची भावजय आताच आली. तिसरा माग..."

"तिला मी सांगेन. तू बस."

"नऊ राहिलेत! नऊ तरी लावू. मग सांगू लोकांना."

"पस्तीस वर्षं मी त्याला हाक मारली की तो उठून यायचा," मावशी म्हणाली. "त्या एका व्हिडिओत मात्र येत नाही. लोक हसतात. मी लिहिते, सांगते. कोणाला सांगते मी, नाफेर?" तिचा आवाज चढला नव्हता. "नवऱ्याला मेल्यावरही मजुरीला लावलंय मी. आठवड्यातून दोनदा."

नाफेर बसला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिला. देनिसच्या मागाचा आवाज बंद झाला होता.

"आणि आठ जागा?" मी विचारलं.

"एक जागा, तो गेला ते लिही. सात मी झोपेन."

"दोन बदल एकदम होतात. मग पुढच्या महिन्यात आकडा पडला तर तो काका नाहीत म्हणून, की तू आहेस म्हणून, ते कळणार नाही."

"मला कळेल," मावशी म्हणाली.

गावात दोन महिन्यांची विधवा काळ्या कपड्यांत झोळीत झुलते, तेही फोनसमोर, हे चालण्यासारखं नव्हतं. प्रार्थनेला पुढाकार घेणाऱ्या तीन बाया संध्याकाळी आल्या, न्यामे कंदाचं सूप घेऊन आल्या म्हणजे भांडायलाच आल्या होत्या. मावशीने सूप घेतलं, भांडी धुऊन परत दिली, आणि म्हणाली, "झुलणार नाही. नुसती झोपेन. तो झुलायचा, ते त्याचं होतं."

पहिला व्हिडिओ मी बुधवारी घेतला. मावशीने आधी अंगण झाडलं, केसांना पाणी लावलं. झोळी हिरवी-पिवळी होती, तुंहाच्या दोनांपैकी दुसरी. पहिलीत ती सकाळी कुणी नसताना झोपून आली होती. तीस वर्षं विणलेल्या झोळ्यांत ती कधी पडलीच नव्हती, असं तेव्हा लक्षात आलं. चढताना तिला कुठला पाय आधी टाकायचा ते कळेना. नाफेरने कड धरली. ती सरळ लांब पडली, तिरकी न होता, त्यामुळे झोळी तिच्याभोवती मिटली आणि फक्त चेहरा आणि पायांची बोटं दिसायला लागली.

"तिरकी हो," नाफेर म्हणाला. "पप्पा कसे व्हायचे..." आणि पुढे बोलला नाही.

ती तिरकी झाली. झोळी उघडली. तिने डोळे मिटले. बोलणार होती ते विसरली असावी. वरच्या आढ्यावर एक पाल होती, ती चुकचुकली. मी थांबवणार इतक्यात मागाच्या खोलीतून देनिस ओरडली, "एलोदिया! अगं एलोदिया, सूत संपलं!"

मावशीने लगेच डोळे उघडले. "आले," म्हणाली, आणि पाय खाली टाकून उठायला लागली.

तेवढाच व्हिडिओ. बावीस सेकंद. मी त्यात काहीही बदल केला नाही.

काका गेल्याची पोस्ट त्याच्या आधी लावली होती. ती चव्वेचाळीस हजार जणांपर्यंत पोचली. सांत्वनाचे निरोप मी मोजले नाहीत. मावशीने सगळे वाचले आणि एकालाही 'सांगते' असं लिहिलं नाही. 'आभारी आहे' लिहिलं. किंमत विचारणारा त्यात एकही नव्हता. तुंहाहून एक फोटो आला: हिरव्या-पिवळ्या झोळीत एक बारीक म्हातारे गृहस्थ, तिरके, एक पाय खाली सोडलेला.

ऑगस्टचा पहिला सोमवार. ओसरीवर मावशी, नाफेर आणि मी. देनिसची भावजय आदल्या शुक्रवारी परत गेली होती. तिसरा माग सोडून कोठीत ठेवला होता. मावशीचे सात व्हिडिओ लागले होते, पाचांचे सात दिवस भरले होते.

हजारामागे किंमत विचारणारे: विणकाम चार पूर्णांक तीन. रंगकाम तीन पूर्णांक सहा. मावशी दोन पूर्णांक एक. ऑर्डरी सात. तळाला मावशी, पहिलाच महिना. थांबवायला दोन महिने लागतात, म्हणून चालू. दुप्पट काही नाही. काका, शिल्लक नऊ.